फील्डची परवानगी गेली: नवा विषय सुचवणारा ईमेल गाइडला कसा लिहावा

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात माझ्या एका संशोधक विद्यार्थिनीचा मेसेज आला : ‘मॅडम, कारखान्याने नाही सांगितलं. आता काय करू?’ ती समाजशास्त्रात पीएचडी करते. ऊसतोड मजुरांच्या तळावर गाळप हंगामभर राहून, आईवडिलांबरोबर आलेल्या मुलांची शाळा कशी सुटते याचा अभ्यास ती करणार होती. सिनॉप्सिस मंजूर झाला होता, प्रश्नावली तयार होती, आणि हंगाम सुरू व्हायला जेमतेम दोन महिने उरले होते.

त्या मेसेजला काय उत्तर द्यायचं ते मला कळेना. नकार कुणी दिला, कशाला दिला, तिच्या डोक्यात काय चाललंय, माझ्याकडून तिला नेमकं काय हवंय, यातलं काहीच त्यात नव्हतं. मी तिला तीन दिवस घ्यायला सांगितलं आणि काय काय तपासायचं ते सांगितलं. चौथ्या दिवशी आलेला ईमेल वाचून मला दहा मिनिटांत ‘हो’ म्हणता आलं. ते तीन दिवस आणि तो ईमेल यांबद्दल हा लेख आहे, कारण असा ईमेल बसून लिहायला तास-दीड तास लागतो, पण त्यात लिहिण्यासारखं काही हाताशी असायला आधीचे दिवस लागतात.

नकार नेमका कशाला आहे?

मे महिन्यात कारखान्याच्या कार्यकारी संचालकांनी तिला तोंडी होकार दिला होता. मध्येच संचालक मंडळाची निवडणूक झाली, मंडळ बदललं. पंचवीस ऑगस्टला शेतकी विभागातून फोन आला की यंदा बाहेरच्या कुणाला तळावर राहू देणार नाही. तिने ‘बरं’ म्हणून फोन ठेवला.

फोनवरचा नकार बऱ्याचदा ऐकताना वाटतो त्याहून लहान असतो, क्वचित मोठाही असतो. राहायला नाही, की दिवसा यायलाही नाही? मुलांशी बोलायला नाही, की कुणाशीच नाही? यंदा नाही, की कधीच नाही? म्हणून दुसऱ्या दिवशी तिने त्याच अधिकाऱ्यांना फोन करून एवढंच विचारलं : ‘साहेब, मी मुक्काम न करता आठवड्यातून दोन दिवस दिवसा आले तर चालेल का?’ उत्तर स्पष्ट आलं : हंगामात आवारात कुणीच नको, निर्णय मंडळाचा आहे. मग तिने कारखान्याला चार ओळींचा ईमेल पाठवला : ‘आपल्याशी २५ आणि २६ ऑगस्टला झालेल्या फोननुसार यंदाच्या हंगामात तळावर अभ्यासासाठी परवानगी मिळणार नाही असं मी समजते. यात काही चूक असल्यास कृपया कळवावं.’ त्याचं उत्तर आलं नाही तरी चालतं. काय झालं, कधी झालं याची लेखी नोंद आपल्याकडे राहते आणि पुढे संशोधन सल्लागार समितीसमोर तीच दाखवता येते.

एकदा खात्री आणि एकदा पर्यायाची विचारणा, एवढ्यावर थांबावं. चौथा-पाचवा फोन केला की लोक आपल्याला टाळायला लागतात, आणि त्याच जिल्ह्यात पुढे काम करायचं असतं.

इथे एक मोह होतो. तळावरच्या टोळीचा मुकादम ओळखीचा असतो, तो म्हणतो, ‘ताई, तुम्ही या, मी बघतो.’ जाऊ नका. मजुरांनी मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि हंगामभर ती फेडत ते काम करत असतात. ज्याचे पैसे अंगावर आहेत त्याने सांगितल्यावर कोणता कोयता, म्हणजे कोणतं नवराबायकोचं जोडपं, ‘आम्हाला नाही बोलायचं’ म्हणेल? ती संमती होत नाही. शिवाय कारखान्याने नाही म्हटलेलं असताना तुम्ही तळावर सापडलात, तर तुम्ही पुण्याला परत जाल आणि जाब त्या टोळीला द्यावा लागेल.

जागा गेली, की पद्धत गेली, की प्रश्नच गेला?

विद्यार्थी इथे दोन टोकांना जातात. काही जण जुनाच विषय दुसऱ्या जागी उचलून ठेवतात. काही जण घाबरून सगळंच टाकून देतात आणि काहीतरी भलताच, ग्रंथालयात बसून होईल असा विषय आणतात. दोन्ही ईमेल मी वाचलेत. दोन्हींत विचार कमी आणि धास्ती जास्त दिसते.

त्यापेक्षा कागदावर तीन गोष्टी वेगळ्या लिहाव्यात. जागा : कारखान्याचा तळ. पद्धत : हंगामभर मुक्काम करून निरीक्षण आणि मुलाखती. प्रश्न : स्थलांतरामुळे मुलांची शाळा कशी तुटते. मग एकेक हलवून बघायचं.

नुसती जागा बदलली तर? दुसरा कारखाना म्हणजे पुन्हा अर्ज, पुन्हा मंडळाची बैठक, आणि हाताशी दोन महिने. त्यातून पहिल्या कारखान्याचा नकार दुसऱ्याच्या कानावर जातोच. मग आवाराबाहेर, शेतांच्या कडेला उतरणाऱ्या, ऊस डोक्यावरून वाहणाऱ्या डोकी सेंटरच्या टोळ्या? त्यांना कारखान्याची परवानगी लागत नाही, पण एका गावचा ऊस संपला की टोळी पुढच्या गावाला हलते. एकटीने त्यांच्यामागे फिरायचं, राहायची सोय रोज शोधायची, आणि तिथेही दारावर मुकादमच. तिने हा पर्याय लिहून काढला आणि दोन ओळींत कारण देऊन खोडला. हे खोडलेलं महत्त्वाचं आहे. गाइड पहिला प्रश्न तोच विचारणार.

पद्धत बदलून फोनवर मुलाखती घेतल्या तर? आईवडील पहाटे फडात जातात आणि अंधार पडल्यावर परततात. मुलांच्या दिवसाबद्दल फोनवर त्यांना काय विचारणार?

मग तिने प्रश्न हलवला, पण थोडाच. तिच्याच पायलट मुलाखतींत एक गोष्ट सारखी येत होती : थोरली मुलगी बरोबर आणली, धाकटा आजीकडे ठेवला. म्हणजे दर हंगामाआधी प्रत्येक घरात एक निर्णय होतो. कोण जाणार, कोण मागे राहणार. मागे राहणाऱ्यांसाठी बीड जिल्ह्यात काही शाळांमध्ये हंगामी वसतिगृहं चालतात. आईवडील ऊसतोडीला गेले तरी मुलांनी गावातच राहून शिकावं, ही त्यांच्यामागची कल्पना. तिचा नवा प्रश्न असा झाला : आईवडील गेल्यावर मागे राहिलेल्या मुलांचा सांभाळ आजीआजोबा, नातेवाईक आणि हंगामी वसतिगृह मिळून कसा करतात, आणि कोणतं मूल मागे ठेवायचं हे घरात कसं ठरतं?

हा प्रश्न जुन्याच्या सख्ख्या भावासारखा आहे. स्थलांतर आणि शिक्षणावरचं तिचं सगळं वाचन कामाला येतं. प्रश्नावलीचा कुटुंबाचा भाग तसाच राहतो. जातं ते तळावरचं जगणं, आणि ते गेलं असं ईमेलमध्ये सरळ लिहायला हवं.

नव्या विषयाचं दार आधी ठोठावा

सगळ्यात जास्त ईमेल इथे फसतात. विषय चांगला असतो, पण ज्या दाराने आत जायचं ते कुणी वाजवूनच पाहिलेलं नसतं. एकदा परवानगी नसलेल्या विषयाने घात केला, आता दुसराही तसाच आणला तर गाइड कशाच्या भरवशावर हो म्हणेल?

तिने दोन दिवसांत तीन फोन केले आणि एक चक्कर मारली. तिच्या आजोळच्या तालुक्यातल्या दोन जिल्हा परिषद शाळांच्या मुख्याध्यापकांशी बोलली. एका गावी जाऊन शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांना भेटली. शिक्षण विभागाच्या कार्यालयात विचारलं की शाळेत येऊन अभ्यास करायचा तर पत्र कुणाच्या नावे आणि सोबत काय लागतं. उत्तर मिळालं : विद्यापीठाच्या विभागाचं पत्र, सिनॉप्सिसची प्रत आणि शाळांची नावं.

त्या चकरेत तिला दोन गोष्टी कळल्या, ज्या कुठल्या अहवालात वाचून कळल्या नसत्या. पहिली : एका गावात वसतिगृह म्हणजे संध्याकाळचं जेवण. जेवून मुलं झोपायला आजीकडेच जातात. म्हणजे निरीक्षणाची जागा शाळा आणि घर दोन्ही, आणि घरांची परवानगी वेगळी घ्यायची.

दुसरी गोष्ट जास्त नाजूक. मुलांशी बोलायचं तर आईवडिलांची संमती हवी. पण अभ्यास सुरू होईल तेव्हा आईवडील गावात नसतीलच, ते कोल्हापूर-सांगलीकडे फडात असतील. टोळ्या दसऱ्यानंतर निघायला लागतात. म्हणजे संमतीपत्रं दसऱ्याच्या आत, घरी जाऊन, वाचून दाखवून घ्यायला हवीत. ती वेळ चुकली तर पूर्ण वर्ष गेलं. त्यामुळे माझ्याकडून तिला उत्तर नेमकं कोणत्या तारखेपर्यंत हवं हे तिला कळलं, आणि का हवं हेही.

कागदपत्रांचं थोडक्यात

लिहिण्याआधी मंजुरीपत्र काढून बघा : नोंदणी कोणत्या शीर्षकाने आहे? शीर्षकातले दोन शब्द बदलणं आणि विषय बदलणं यांची प्रक्रिया बहुतेक विद्यापीठांत वेगळी असते. पीएचडी विभागातल्या क्लार्कला विचारलं तर पाच मिनिटांत कळतं. यूजीसीच्या २०२२च्या नियमावलीप्रमाणे दर सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते, तेव्हा पुढची बैठक कधी आहे ते बघून ठेवा. विषयबदल तिथेच मांडला जाईल. त्याच नियमावलीत किमान तीन आणि कमाल सहा वर्षं दिली आहेत. तुमचं कितवं वर्ष चालू आहे ते ईमेलमध्ये लिहा, गाइडच्या डोक्यात सगळ्यांची वर्षं नसतात. आचारसमितीची मान्यता जुन्या जागेसाठी असेल तर सुधारित अर्ज लागेल. बार्टी, सारथी, महाज्योती किंवा जेआरएफ अशी फेलोशिप चालू असेल तर विषयबदल त्यांना कळवावा लागतो का हे आधीच पाहा.

तो ईमेल

तिच्या परवानगीने, ओळख पटेल असं सगळं काढून, तो इथे देते.

> विषय : कारखान्याची परवानगी नाकारली, पर्यायी विषयाचा प्रस्ताव (१० सप्टेंबरपर्यंत निर्णय हवा)
>
> आदरणीय मॅडम,
> सादर नमस्कार.
>
> कारखान्याने यंदाच्या गाळप हंगामात तळावर अभ्यास करायला परवानगी नाकारली आहे. त्यामुळे मंजूर झालेलं फील्डवर्क ठरल्याप्रमाणे होणार नाही. मी एक पर्यायी विषय तपासला आहे आणि त्यावर तुमचा निर्णय हवा आहे.
>
> २५ ऑगस्टला फोनवर नकार आला. २६ तारखेला मी मुक्काम न करता फक्त दिवसा येण्याबद्दल विचारलं, त्यालाही नकार मिळाला. कारण नव्या संचालक मंडळाचा निर्णय. मी त्यांना लेखी कळवलं आहे, प्रत सोबत जोडली आहे. दुसरा कारखाना आणि आवाराबाहेरच्या टोळ्या हे दोन्ही पर्याय मी पाहिले. पहिल्याला वेळ पुरत नाही. दुसऱ्यात टोळ्या सतत हलतात, आणि संमती मुकादमामार्फत घ्यावी लागेल, जे मला योग्य वाटत नाही.
>
> प्रस्ताव : तळावर आलेल्या मुलांऐवजी गावात मागे राहिलेल्या मुलांचा अभ्यास. कोणतं मूल मागे ठेवायचं हे घरात कसं ठरतं, आणि आईवडील नसताना आजीआजोबा, नातेवाईक व शाळेचं हंगामी वसतिगृह मिळून त्याचा सांभाळ कसा करतात. बीड जिल्ह्यातली दोन गावं, नोव्हेंबर ते एप्रिल.
>
> प्रवेशाची स्थिती : दोन्ही मुख्याध्यापकांनी तोंडी होकार दिला आहे. एका गावच्या शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांना मी ३० ऑगस्टला भेटले, त्यांची हरकत नाही. शिक्षण विभागाची लेखी परवानगी अजून नाही. त्यासाठी विभागाचं पत्र लागेल. एका गावात माझे नातेवाईक आहेत. त्याचा फायदा आहे, पण लोक मोकळं बोलतील का हा प्रश्नही आहे. त्याबद्दल तुमचं मत हवं आहे.
>
> काय राहतं, काय जातं : साहित्य आढावा आणि कुटुंबाची प्रश्नावली बरीचशी तशीच वापरता येईल. तळावरच्या दैनंदिन जीवनाचं प्रकरण होणार नाही. सहा पायलट मुलाखती पार्श्वभूमी म्हणून वापरता येतील का, हे आचारसमितीला विचारावं लागेल.
>
> वेळ : पालकांची संमती ते गावात असतानाच, म्हणजे दसऱ्याच्या आत घ्यावी लागेल. म्हणून १० सप्टेंबरपर्यंत तुमचा होकार किंवा बदल कळले तर विभागाचं पत्र आणि आचारसमितीचा सुधारित अर्ज वेळेत होईल. माझं तिसरं वर्ष चालू आहे. सल्लागार समितीची पुढची बैठक २० सप्टेंबरला आहे.
>
> ३, ४ किंवा ५ तारखेला वीस मिनिटं भेटता येईल का? सोबत एक पानाचा आराखडा जोडला आहे.
>
> आपली विद्यार्थिनी

यात काय काम करतं

विषयाची ओळ बघा. त्यात बातमी आहे, मागणी आहे आणि तारीख आहे. ‘संशोधनाबाबत’ किंवा ‘महत्त्वाचे’ असं लिहिलेला ईमेल मी दोन तासिकांच्या मध्ये फोनवर बघते आणि रात्री वाचू म्हणून ठेवून देते. आणि तो रात्रीही राहून जातो.

वाईट बातमी पहिल्या वाक्यात आहे. पुष्कळ विद्यार्थी आधी तब्येतीची चौकशी, मग आतापर्यंतच्या कामाचा आढावा, आणि शेवटून दुसऱ्या परिच्छेदात ‘एक अडचण आली आहे’ असं लिहितात. मर्यादा पाळायची म्हणून ते तसं लिहितात हे मला समजतं. पण नमस्कारात ती मर्यादा येऊन जाते. पुढे सरळ बोललेलं आदरालाही बाधक नसतं.

नकाराचा परिच्छेद कोरडा आहे, मुद्दाम. कारखान्याने शब्द फिरवला, राजकारण झालं, हे सगळं खरं असलं तरी ते भेटीत बोला. गाइड हा ईमेल जसाच्या तसा विभागप्रमुखांना पुढे पाठवण्याची शक्यता मोठी असते. मी पाठवलाच. कुणाबद्दल रागाने लिहिलेलं एक वाक्य त्यात असतं तर मला तो आधी दुरुस्त करायला परत पाठवावा लागला असता.

प्रस्ताव एकच आहे. पाच विषय पाठवणारे विद्यार्थी निवड गाइडवर सोपवत असतात. मग गाइड स्वतःला सोयीचा विषय निवडतो, आणि तीन वर्षं तो विद्यार्थ्याला ओढावा लागतो.

मला सगळ्यात आवडलेला भाग प्रवेशाचा परिच्छेद. त्यात तोंडी, भेटून आणि अजून नाही अशा तीन पायऱ्या वेगळ्या लिहिल्या आहेत. ‘परवानगी मिळून जाईल’ असं कुठेच नाही. मे महिन्यातला तोंडी होकार किती टिकला हे तिने पाहिलं होतं, म्हणून या वेळी तोंडी होकाराला तिने तोंडीच म्हटलं. नातेवाइकांचा उल्लेखही तिने स्वतःहून केला. तो मला नंतर कळला असता तर मी सगळाच आराखडा संशयाने वाचला असता.

सोबतचं पान खरोखर एक पान असावं : प्रस्तावित शीर्षक, प्रश्न, गावं आणि घरांची संख्या, महिनावार वेळापत्रक, लागणाऱ्या परवानग्या आणि प्रत्येकीची आजची स्थिती. नवा पूर्ण सिनॉप्सिस होकारानंतर लिहायचा.

उत्तर आल्यावर, किंवा न आल्यावर

तीन दिवस उत्तर नाही आलं तर त्याच ईमेलवर दोन ओळींची आठवण पाठवा आणि विभागात जाऊन भेटा. नवा ईमेल नको, धागा तुटतो. विभागप्रमुखांना प्रत लावण्याची घाई करू नका. आपल्याकडे त्याचा अर्थ तक्रार असाच घेतला जातो.

‘थोडं थांबू, पुढच्या वर्षी परवानगी मिळेल’ असं उत्तर आलं तर विचारा : कोणाकडून, आणि तोपर्यंतच्या सत्रांत समितीपुढे काय मांडायचं? हे उद्धटपणे विचारायची गरज नाही. ‘मॅडम, तसं ठरलं तर या सत्राच्या प्रगतीत काय दाखवू?’ एवढं पुरतं. गाइडने स्वतःच्या प्रकल्पातला विषय पुढे केला, तर त्या विषयाचं दार कुणाकडे आहे हे त्यांनाही विचारायला हरकत नाही.

होकार भेटीत तोंडी मिळतो. त्याच संध्याकाळी चार ओळी लिहून पाठवा : आज काय ठरलं, कोणता बदल सुचवला, पुढे कोण काय करणार आणि कधीपर्यंत. माझ्या विद्यार्थिनीला मी भेटीत एक बदल सांगितला होता : नातेवाईक असलेलं गाव पायलटसाठी ठेव आणि मुख्य अभ्यासाला तिसरं गाव घे. तो तिने संध्याकाळच्या ईमेलमध्ये लिहिला म्हणून बरं झालं, कारण समितीच्या बैठकीपर्यंत मी स्वतः ते विसरले होते. बैठकीत तिने माझाच मुद्दा मला तारखेसह दाखवला, आणि दुसऱ्या आठवड्यात ती संमतीपत्रांचा गठ्ठा घेऊन बीडच्या एसटीत बसली.